निवड झाली, आणि मग मॅडमनी विचारलं, "आभार कशासाठी?"

इंटर्नशिपसाठी माझी निवड झालीय. जानेवारीपासून सहा महिने, पुण्यात, शेतातल्या ओलाव्याचे सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या फील्ड टेस्टिंगच्या टीममध्ये. कंपनीचं नाव आत्ता लिहीत नाही, जॉइन झाल्यावर त्यांना विचारून सांगेन. मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमचं गाव रावेर तालुक्यात, आणि गावात आमच्या भागात असते तशी सगळीकडे केळीच.

बातमी कळली त्या रात्री मी एक मजकूर लिहिला होता. सांगताना अत्यंत आनंद होतोय, माझ्या सर्व गुरुजनांचे, मार्गदर्शकांचे आणि कुटुंबीयांचे मनःपूर्वक आभार, हे त्यांच्या आशीर्वादाशिवाय शक्य नव्हतं, असा. मनापासूनच लिहिला होता. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच्या मॅडमना दाखवला, त्यांनी शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, "माझे आभार कशासाठी मानतेस?" मी म्हटलं, मार्गदर्शनासाठी. त्या म्हणाल्या, "कोणतं मार्गदर्शन? तू ज्यांच्यासोबत काम करायला चाललीयेस ते लोक हे वाचणार, त्यांना यातून तुझ्याबद्दलही काही कळत नाही आणि माझ्याबद्दलही."

मग मी तो मजकूर बाजूला ठेवला आणि वहीत लिहून काढलं की कोणाकडून नेमकं काय शिकले. ते लिहिताना असं झालं की एकेका माणसाचं नाव आलं की त्याच्यासोबत एक चुकलेला आकडा पण आठवायला लागला, आणि तो आकडा सांगितल्याशिवाय आभार कशाचे ते सांगताच येईना. म्हणून हे लांबलंय. वेळ असेल तर वाचा.

प्रोजेक्ट असा होता. माझ्या मामाची चार एकर केळी आहे, काळी जमीन, कांदे बाग, म्हणजे ऑक्टोबरमध्ये लावलेली. ठिबक आहे, ओळीला दोन नळ्या. पण पाणी कधी द्यायचं हे जमिनीवर कमी आणि लाईटवर जास्त ठरतं. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात रात्री उठून मोटर चालू करायची, आणि उद्या लाईट असेल नसेल म्हणून आज जरा जास्तच चालू द्यायची, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. मला वाटलं, जमिनीत ओल किती आहे हे मोबाईलवर दिसलं तर मामाला अंदाजानं पाणी द्यावं लागणार नाही. त्यासाठी मी बाजारात मिळणारे स्वस्तातले कपॅसिटिव्ह सॉइल मॉइश्चर सेन्सर सहा घेतले, ईएसपी-३२ बोर्डाला जोडले, आणि आठ दिवसात मोबाईलवर टक्के दिसायला लागले.

हा सेन्सर म्हणजे एक चपटी पट्टी असते, वीतभरापेक्षा लहान. तिच्या आत तांब्याचे दोन पत्रे, आणि आजूबाजूच्या मातीत पाणी जास्त असेल तर त्या पत्र्यांची विजेचा भार साठवायची क्षमता वाढते, कारण मातीच्या कणांपेक्षा किंवा हवेपेक्षा पाणी या बाबतीत कितीतरी पुढे असतं. बोर्डाला त्यातून एक नुसता आकडा मिळतो. माझ्याकडे पट्टी हवेत धरली की २९०० च्या आसपास यायचा, पाण्याच्या ग्लासात बुडवली की १३००. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. मी काय केलं, हवा म्हणजे शून्य टक्के आणि पाणी म्हणजे शंभर टक्के धरलं आणि मधलं सगळं सरळ रेषेत वाटून टाकलं. एका ओळीचं काम:

```
int p = map(raw, 2900, 1300, 0, 100);
```

इंटरनेटवर जिथे बघाल तिथे हीच ओळ आहे, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मामाच्या शेतात पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी १७८० आलं आणि स्क्रीनवर ७० टक्के दिसलं. मी तो स्क्रीनशॉट काढून मॅडमना दाखवला.

मॅडमनी विचारलं, "त्या मातीत पोकळी किती आहे?" मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, पाणी मातीच्या कणांच्या आत नाही राहत, कणांच्या मधल्या जागेत राहतं, मग ती जागाच मुळात किती आहे हे माहीत नसताना सत्तर टक्के पाणी मावलं कुठे ते सांग. आणि मला सिव्हिलच्या सॉइल लॅबमध्ये पाठवलं.

मॅडमचे आभार त्या प्रश्नासाठी. उत्तर त्यांना माहीत होतं, दोन मिनिटात सांगू शकल्या असत्या, पण त्यांनी मला ते मोजून आणायला लावलं.

सिव्हिलच्या लॅबमध्ये जे लॅब असिस्टंट आहेत त्यांना सगळे बापू म्हणतात. ते धुळ्याकडचे, अहिराणी बोलतात, आणि मातीच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी बघितला नाही. त्यांनी मला कोअर कटर दिला. हा लोखंडाचा नळा असतो, आतून १० सेंटिमीटर रुंद आणि पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास उंच, त्यात बरोबर एक लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर माती मावते. तो जमिनीत ठोकून बसवायचा, मग आजूबाजूची माती खणून नळा मातीसकट अलगद काढायचा, दोन्ही तोंडं सुरीनं सपाट करायची. ठोकताना घाई केली तर माती आत दबते आणि वजन खोटं येतं, माझे पहिले दोन नळे त्यांनी बघितल्या बघितल्या रद्द केले कारण आतली माती नळ्याच्या काठापेक्षा खाली बसलेली होती. तिसरा चालला. ती माती ओव्हनमध्ये पूर्ण वाळवल्यावर १२४० ग्रॅम भरली. म्हणजे आपल्या शेतातल्या एक घन सेंटिमीटर जागेत १.२४ ग्रॅम कोरडी माती, याला बल्क डेन्सिटी म्हणतात.

आता मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण २.६५ धरतात. १.२४ ला २.६५ नी भागलं की ०.४७ येतं, म्हणजे शंभरातली ४७ जागा कणांनी भरलेली, उरली ५३. मामाच्या जमिनीतली सगळीच्या सगळी पोकळी पाण्यानं भरली, हवेला जागाच राहिली नाही, तरी आकडा ५३ च्या पुढे जाऊ शकत नाही. आणि माझा मोबाईल सांगत होता सत्तर.

मग खरा आकडा काय होता? त्यासाठी डबे. ॲल्युमिनियमचे छोटे झाकणाचे डबे असतात, प्रत्येकावर नंबर कोरलेला. सेन्सरच्या अगदी शेजारची माती घ्यायची, डब्यात भरून लगेच झाकण लावायचं, वजन करायचं, मग झाकण उघडून १०५ अंशावर २४ तास ओव्हनमध्ये, आणि परत वजन. पहिल्या वेळी मी ओव्हनमधून डबा काढला आणि तसाच गरम गरम काट्यावर ठेवला. बापूंनी हात धरला. "थंड व्हऊ दे ना ताई." गरम डब्याच्या भोवतीची हवा वर चढते आणि नाजूक काट्यावर डबा आहे त्यापेक्षा हलका दिसतो. आणि थंड व्हायला उघड्यावर ठेवला तर काळी माती हवेतला दमटपणा ओढून घेते, मग तो जड दिसतो. म्हणून झाकण लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे खाली सिलिका जेल असलेल्या काचेच्या बंद भांड्यात थंड करायचा. आणि वजन झाल्यावर परत ओव्हनमध्ये टाकून तास दोन तासांनी पुन्हा वजन, ते बदललं नाही तरच माती वाळली असं म्हणायचं. मी चिडायचे कधी कधी, कारण एका डब्यामागे दीड दोन दिवस जायचे आणि बाकी मुलांचे प्रोजेक्ट तोवर डेमोला पण लागले होते. पण पुढे जे काही उभं राहिलं ते याच वजनांवर.

तो १७८० वाला डबा आजही माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. रिकामा डबा २२.२ ग्रॅम, ओल्या मातीसकट ६८.४, वाळल्यावर ५६.६. म्हणजे पाणी ११.८ ग्रॅम आणि कोरडी माती ३४.४ ग्रॅम, भागाकार केला की ३४.३ टक्के. हे वजनाच्या हिशोबानं. जागेच्या हिशोबानं हवं असेल तर १.२४ नी गुणायचं, येतं ४२.५. स्क्रीनवर ७०, जमिनीत साडेबेचाळीस.

असे मी वीस डबे केले, एप्रिल ते जून, पाणी दिल्यादिवशीचे, दोन दिवसांनंतरचे, पाच दिवसांनंतरचे. चौदा डब्यांवरून सेन्सरचा आकडा आणि खरी ओल यांची सांगड घालणारा फॉर्म्युला काढला, आणि सहा डबे त्यात धरलेच नाहीत, ते तपासायला बाजूला ठेवले. हे पण मॅडमनी सांगितलेलं, ज्या डब्यांवरून फॉर्म्युला काढलास त्याच डब्यांवर तो बरोबर आला तर त्याचं काय कौतुक. रेषा सरळ नव्हतीच, ओल जास्त असताना ती सपाट होत जाते, म्हणजे जमीन बरीच ओली झाली तरी सेन्सरचा आकडा थोडासाच हलतो. बाजूला ठेवलेल्या सहापैकी चार डब्यांत उत्तर तीन टक्क्यांच्या आत आलं. दोन डब्यांत बरंच चुकलं. त्या दोन डब्यांची गोष्ट मामाच्या शेतातली आहे, तिच्याकडे येतेच.

त्याआधी आमच्या कॉलेजचा एक सीनियर दादा, जो आता नाशिकला नोकरीला आहे, त्याचे आभार. माझ्या सहा सेन्सरपैकी दोन विचित्र वागायचे, पाण्यातून काढून कोरडे पुसले तरी आकडा लगेच वर जायचा नाही, हळूहळू सरकत राहायचा. मी कोडमध्ये चूक शोधत चार दिवस घालवले. त्यानं फोनवर ऐकलं आणि मल्टिमीटर घ्यायला लावला. त्या स्वस्त सेन्सरच्या काही लॉटमध्ये एका रेझिस्टरचं एक टोक ग्राउंडला जोडलेलंच नसतं, त्यामुळे साठलेला भार बाहेर पडायला वाटच राहत नाही. माझे ते दोन तसेच निघाले. एक बारीक वायर सोल्डर केली आणि ते ठीक झाले. दुसरं त्यानं सांगितलं की पट्टीची कापलेली कड उघडी असते, तिथून पाणी पट्टीच्या थरांत शिरतं आणि महिनाभरात आकडा भरकटतो, तर जमिनीत घालायच्या आधी कडांना नेलपॉलिशचे दोन तीन हात दे आणि वरचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग इपॉक्सीनं बंद कर. बहिणीची अख्खी बाटली त्यात संपली. सेन्सर विकत आणला की लगेच जमिनीत खुपसणाऱ्या माझ्यासारख्या कोणाला तरी हे उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम सांगतेय: पाण्यात बुडवा, काढा, पुसा, आणि आकडा लगेच जागेवर येतो का ते आधी बघा.

आता मामा.

मे महिना, केळी निसवणीला आलेली. निसवण म्हणजे घड बाहेर पडायचा काळ, या वेळेला झाडाला पाण्याचा ताण पडला तर फण्या कमी आणि केळं बारीक, म्हणून मामा आधीच काळजीत. वरून आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन, दुपारी बागेतून चाललं तरी गरम हवा तोंडावर येते. एका संध्याकाळी तीन नंबरच्या सेन्सरनं ओल १४ टक्के दाखवली. काळ्या जमिनीला १४ म्हणजे जवळपास सुकीच. मी मामाला म्हटलं, पाणी द्यायला लागेल. तो म्हणाला, कालच तर दिलं. मी आकड्यावर अडून राहिले, डबे करून, फॉर्म्युला काढून आलेला आकडा होता, पहिल्यासारखा सत्तर टक्केवाला नव्हता. मामानं रात्री उठून पाणी दिलं. सकाळी आकडा तसाच, १५. दुसऱ्या रात्री परत दिलं, आधीपेक्षा जास्त वेळ. सकाळी परत १५.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा पावडी घेऊन माझ्याआधी शेतात गेला होता. सेन्सरच्या बाजूला हातभर खोल खणलं, आतली माती मुठीत घेतली, दाबली, तिचा गोळा झाला, मग अंगठ्यानं त्याची पट्टी ओढली, ती चांगली दोन बोटं लांब निघाली न तुटता. तळहाताला ओल लागलेली. मला म्हणाला, "जमीनले तहान नाई लागेल पोरी, तुह्या यंत्राले हवा लागू रायली." आणि सेन्सरच्या डाव्या अंगाला बोट घातलं. सहज आत गेलं.

काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते, हे खानदेशातल्या लहान पोराला पण माहीत असतं, मलाही माहीत होतं. पण ती भेग कुठून जाईल याचा विचार मी केला नव्हता. जमिनीत सरळ उभी खुपसलेली पट्टी म्हणजे मातीत आयतीच एक चीर, माती आकसताना तिथूनच सुटणार. पट्टीची एक बाजू मातीला टेकलेली आणि दुसऱ्या बाजूला हवा. सेन्सरला तर त्याच्या अगदी लगतचंच कळतं, दोन चार मिलिमीटर हवेनं सुद्धा त्याचा हिशोब बदलून जातो. शिवाय तो नळीपासून दीडेक फुटावर होता, ओलीच्या कडेला, आणि दिलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जात होतं, पट्टीच्या आजूबाजूची माती परत फुगून भेग बुजायच्या आधीच.

त्याच जागेचा डबा केला, रिकामा २१.७, ओला ६१.२, वाळल्यावर ५२.०. वजनानं ३०.४ टक्के, जागेच्या हिशोबानं ३८ च्या आसपास. सेन्सर म्हणत होता १५. मी बाजूला ठेवलेल्या सहा डब्यांत जे दोन चुकले ते दोन्ही अशाच भेगाळलेल्या जागेचे होते.

दोन रात्री मामानं गरज नसताना पाणी दिलं, ते माझ्यामुळे. काळ्या जमिनीत पाणी जास्त झालं की मुळांना हवा मिळत नाही, त्या दोन ओळींतल्या काही झाडांची खालची पानं नंतर पिवळी पडली. ती त्या पाण्यानंच पडली असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, मे महिन्यात पानं पिवळी पडायला बाकीची कारणं पण असतात, पण मला ती ओळ आजही बघवत नाही. मामा एका शब्दानं बोलला नाही. त्यानं फक्त एक गोष्ट विचारली, आणि त्या प्रश्नासाठी त्याचे आभार आहेत: "दोन रात पाणी देलं तरी आकडा हलला नाई, तेव्हाच तुले शंका नाई आली?"

खरंच, तिथेच कळायला हवं होतं. पाणी दिल्यावर काही तासांत आकडा हलला पाहिजे. जो सेन्सर पाणी द्यायच्या आधी आणि नंतर तेच सांगतो तो जमिनीबद्दल काही सांगतच नाहीये. ही तपासणी आता मी कोडमध्येच घातलीय, मोटर चालू होऊन सहा तासांत आकडा ठरावीक हलला नाही तर मोबाईलवर ओल दिसायच्या ऐवजी "सेन्सर तपासा" असं येतं.

आणि सेन्सर बसवायची पद्धत बदलली, ती मामानं आणि मी मिळून. नळीपासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खड्डा करायचा, आणि पट्टी वरून उभी न खुपसता खड्ड्याच्या भिंतीत आडवी घालायची, म्हणजे न हललेल्या मातीत, मुळं जिथे आहेत तिथे. घालायच्या आधी त्याच शेतातल्या मातीचा दाट गारा करून पट्टीला दोन्ही बाजूंनी लावायचा, मधे हवा राहू नये म्हणून. खड्डा थराथरानं दाबत भरायचा. वर केळीची वाळलेली पानं अंथरायची, त्यानं वरचा थर कमी भेगाळतो. जूनच्या पावसापर्यंत त्या सेन्सरनं परत तसं केलं नाही. पण एकाच उन्हाळ्याचे जेमतेम चार आठवडे, तेवढ्यावरून पद्धत सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही.

इंटरव्ह्यू ऑनलाइन झाला, दोन जण होते. माझ्या रिझ्युमेवरचा प्रोजेक्ट वाचून पहिलाच प्रश्न आला, किती पाणी वाचलं? मला आधी एकानं प्रेमानं सल्ला दिला होता की तीस चाळीस टक्के सांगून टाक, सगळे तेच सांगतात, कोण तपासायला येतंय. मी म्हटलं, ते मोजलेलं नाही. नळीवर पाण्याचं मीटर नव्हतं, तुलनेला दुसरा प्लॉट नव्हता, आणि दोन रात्री तर माझ्या सेन्सरमुळे पाणी जास्तच गेलं. थोडा वेळ दोघं शांत होते आणि माझ्या छातीत धडधड. मग त्यातल्या सरांनी विचारलं, बरं, मोजायचं असतं तर कसं मोजलं असतंस?

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. एकाच वेळी लावलेले, एकाच रोपांचे दोन प्लॉट हवेत, दोन्हींच्या नळ्यांवर मीटर हवं, एका प्लॉटला मामा त्याच्या पद्धतीनं पाणी देणार आणि दुसऱ्याला सेन्सरवर, आणि हे काढणीपर्यंत. आणि शेवटी घडाचं वजन घ्यायलाच हवं, कारण पाणी कमी लागलं पण घड हलका निघाला तर शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते वाचलेलं नाही. मग त्यांनी वहीतलं ते पान बघायला मागितलं आणि विचारलं, बल्क डेन्सिटी सगळीकडे १.२४ का धरली, काळी माती वाळल्यावर आकसते ना, मग घनता तीच कशी राहील? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भेगेच्या जागेचा तो ३८ चा आकडा पण म्हणूनच कच्चा आहे, आकसलेल्या ढेकळाची घनता जास्त असणार. मी म्हटलं, हे माझ्याकडून राहिलंय, ओली, मध्यम आणि कोरडी अशा तीन अवस्थांमध्ये कोअर घ्यायला हवे होते. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. आठ दिवसांनी मेल आली.

म्हणून माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की एका शेतातल्या एका प्रकारच्या मातीसाठी, वीस डब्यांवरून, एका स्वस्त सेन्सरचं कॅलिब्रेशन केलं. हा फॉर्म्युला शेजारच्या शेतात चालेल याची खात्री नाही, तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत तर नाहीच चालणार. ठिबकमधून पांढरं पोटॅश खत सोडलं त्या दिवशी सेन्सर ओल आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, कारण खारं पाणी त्याला जास्त पाणी वाटतं, हे दोनदा दिसलं पण त्याचा उपाय मला सापडलेला नाही. इंटर्नशिपमध्ये माझं काम वेगवेगळ्या मातींचे नमुने घेऊन सेन्सर तपासायचंच असणार आहे, त्यामुळे या पोटॅशच्या प्रश्नावर तिथल्या लोकांना मी पहिल्याच आठवड्यात विचारणार आहे.

आईपप्पांचे आभार वेगळे लिहीत नाही, ते घरी समोर बसून मानलेत. मैत्रिणींचे मात्र मानते, ज्या जून महिन्यात भर पावसात माझ्यासोबत बसनं रावेरला यायच्या आणि डब्यांची पिशवी मांडीवर धरून बसायच्या, झाकणं हलू नयेत म्हणून. मामीचे पण, प्रत्येक फेरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची, आणि फ्रीजचा एक कप्पा महिनाभर मातीच्या पिशव्यांसाठी मोकळा करून दिला होता.

परवा बापूंना डबे परत द्यायला गेले. धुऊन, पुसून, नंबरानं लावून नेले होते. त्यांनी वीसही झाकणं उघडून बघितली, सात नंबरच्या डब्याच्या कडेला पोचा पडलाय तो रजिस्टरमध्ये लिहिला आणि माझी सही घेतली. मग विचारलं, पुण्याला ओव्हन कसा आहे म्हणे? मी म्हटलं, अजून बघितला नाही. ते म्हणाले, गेल्यावर पहिल्यांदा आत थर्मामीटर ठेवून बघ, बाहेरच्या आकड्यावर जाऊ नको. ते मी वहीत लिहून घेतलंय.